पांढऱ्याला मी कापूस बोललो

माणसाचा मेंदू बादलीत ठेवायचा असला तर तो तळाला टेकू द्यायचा नाय. टेकला की एका बाजूनं चपटा होतो, आणि मग मास्तर लोक ओरडतात. मेंदूच्या खालच्या अंगाला मधोमध रक्ताची एक जाड नळी असते. तिच्याखालनं दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या कड्यांना बांधायची आणि मेंदू उलटा, फॉर्मालिनच्या पाण्यात लोंबकळत सोडायचा. दोन-तीन आठवडे. त्याआधी सुरी लावाल तर दह्यात सुरी घातल्यासारखं होतं. मुरला की पनीर. पाहिजे तशी चकती काढा.

हे मला येत होतं. आपलं नाव लिहायला येत नव्हतं, पण हे येत होतं.

उल्हासनगरातल्या एका वैद्यकीच्या कॉलेजात मी डिसेक्शन हॉलचा शिपाई होतो. नव्वदच्या पुढची पाच-सहा वर्षं धरा. शाळेचं तोंड मी बघितलं ते बाहेरून, बोरं विकताना. नोकरी लागली ती माझ्या हुशारीनं नाय, ह्या कामाला दुसरं कोण तयार होत नव्हतं म्हणून. आणि मी तरी काय शूर? पहिल्याच दिवशी टेबलावरचं फडकं बाजूला केलं आणि मी आडवा. पोरं सांगायची, मामा, तुम्ही त्या दुसऱ्या टेबलाला असे चिकटून पडलेले की आम्हाला कळेना, दोघांतलं कुठलं शिकायचं आणि कुठलं उचलायचं.

पण माणूस कशालाही सरावतो. वर्षाभरात मी तिथं बसून डबा खायला लागलो. दोन वर्षांत मी शिकवायला लागलो.

हो, शिकवायला! परीक्षा जवळ आली की पहिल्या वर्षाची पोरं संध्याकाळी मागल्या दारानं यायची. "मामा, जरा मेंदू दाखवा ना." एक कटिंग चहा आणि खारी, एवढी माझी फी. मी चकती ट्रेमध्ये ठेवायचो, खुर्चीवर बसायचो आणि शिकवणाऱ्या मॅडमसारखा घसा साफ करायचो.

"हे बघा," मी बोलायचो, "ही कडेची राखाडी पट्टी दिसते? नागमोडी, सालीसारखी? हा मालक. विचार, हिशोब, शिव्या, सगळं इथनं. आणि आतलं हे पांढरं दिसतं ना एवढं मोठं? हा कापूस. गादीत भरतात तसा. मालकाला बसायला मऊ पाहिजे ना!"

पोरं हसायची. एकदा एका पोरीनं पाठीच्या कण्यातल्या दोरीची चकती पुढं केली. तिच्यात उलटं असतं, पांढरं बाहेर आणि राखाडी आत, फुलपाखरू बसल्यासारखं. ती बोलली, "मामा, इथं मालक आत कसा गेला?"

मी बोललो, "पाठीला थंडी वाजते, पांघरूण घेतलं त्यानं."

पोरी लोळून हसल्या. एवढ्यात आमच्या मॅडम दारात. शरीररचना शिकवायच्या त्या. उंच, चष्मा, आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळं जास्त भीती. त्या बोलल्या, "मामा, तुम्ही कापायला शिकलात, आता गप्प बसायलाही शिका."

मी ते ऐकलं नाय. मी ऐकलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती, असं नाय म्हणत मी. पण कमी लाजिरवाणी झाली असती.

*

आमची खोली अंबरनाथला, कारखान्याच्या कामगारांच्या चाळीपासनं थोडी आत. मी, माझी आई आणि बायको. बायकोचं माहेर बदलापूरच्या पुढं जांभूळला, पण तिची आई गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. पोरगी झाली. डिसेंबर होता. आमच्या बाजूला थंडी पडते ती मुंबईवाल्यांना सांगून पटत नाय.

आईनं बाळंतिणीची शेक-शेगडी सुरू केली. बाळंतीण बाजेवर, बाजेखाली शेगडीत लाल निखारे, वर ओवा-शेपा टाकायचा, धुरी घ्यायची, खोलीची दारं-खिडक्या बंद. वारा लागला की बाळंतिणीचं अंग आयुष्यभर दुखतं, अशी आईची खात्री. तिच्या आईचीपण.

खिडकीची एक काच फुटलेली होती. आई रोज कटकट करायची, "वारा येतोय रं मुडद्या, काय तरी कर." मी मुडद्यांत काम करायला लागल्यापासनं ही शिवी तिच्या तोंडात जास्तच गोड लागायची. तर मी केलं काय तरी. कॉलेजातनं जाड प्लास्टिकचा मोठा तुकडा आणला. कशावर घालायचं प्लास्टिक ते घरी सांगितलं नाय. चारी बाजूंनी खिळे ठोकले. दाराच्या फटीत पोतं कोंबलं. आणि वर टाळी मागितली बायकोकडं, "बघ, वारा काय, वाऱ्याचा बापपण येणार नाय."

ती बोलली, "अवो, श्वास तरी येऊ द्या."

मी हसलो. हा विनोद मला आवडला होता.

बाळाला दहावा दिवस. सकाळी आई पोरीला घेऊन मागल्या पायरीवर उन्हात तेल चोळायला बसली. बायको आत एकटी शेक घेत पडलेली, दार ओढलेलं. थंडी होती म्हणून शेगडीत निखारे मीच भरून दिले होते, दोन माणसांना पुरतील एवढे. आई आंघोळ घालून, पोरीला गुंडाळून परत आली तर दार उघडलं आणि ओरडली. रविवार होता, मी अंगणातच होतो, धावलो.

बायको बाजेच्या कडेवरनं अर्धी खाली लोंबत होती. हाक मारली, हलवली, काय नाय. गालावर लाली होती, हे मला आजपण दिसतं. मेल्यासारखी नव्हती, नुकती लाजल्यासारखी. रिक्षा, मांडीवर डोकं, दवाखाना. तिथं ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

डॉक्टरनं विचारलं, "काय झालं होतं नक्की?"

आईनं माझ्याकडं बघितलं. शेगडी आईची, प्लास्टिक माझं. दोघांची चोरी एकाच पोत्यात. मी बोललो, "अशक्तपणा हो. बाळंतीण आहे. चक्कर आली."

खोटं बोलताना मी दात काढून हसलोपण होतो. डॉक्टरनं रक्त वाढायच्या गोळ्या लिहिल्या.

दोन दिवसांनी घरी आली ती ठणठणीत. पोरीला पाजायची, आईशी भांडायची, मला टोमणे मारायची. घरी पाऊल टाकल्या टाकल्या आधी तिनंच ते प्लास्टिक फाडलं आणि बोलली, "मला भरून ठेवायचंय का बरणीत? तुमच्या त्या हॉलमध्ये?" मी गुपचूप खिळे काढले. शेगडी अंगणात गेली. मला वाटलं, सुटलो.

*

तीन आठवडे झाले असतील. एक दिवस तिनं चहा दिला, त्यात पाणीच नव्हतं. नुसती पावडर आणि साखर कपात, वर बशी झाकलेली. मी बोललो, "वा, आता गाळायचं काय?" ती हसली नाय. रागावलीपण नाय. माझ्याकडं बघत उभी राहिली, जसं काय मी बोललेलं अजून तिच्यापर्यंत यायचंय.

मग आठवड्याभरात सगळं सरकत गेलं. पाय उचलेना, सपाता घासत बारीक बारीक पावलं टाकायची. पोरगी रडायची आणि ही बाजूला बसून भिंतीकडं बघायची. बोलणं कमी झालं, मग एकेक शब्द, मग तोपण नाय. एका सकाळी बसल्या जागी लुगडं ओलं झालं आणि तिला त्याचं काय वाटलंच नाय. माझी बायको, जी मला पायरीवर चप्पल तिरकी काढली तरी ऐकवायची!

आई बोलली, बाहेरचं आहे. आमचं घर धम्म घेतलेलं, बापानं देव्हारा कधीच विसर्जित केला, भिंतीवर त्याच्या जागी फोटोची चौकट. आणि मी, हातानं मेंदू कापणारा माणूस, त्या चौकटीकडं पाठ करून बायकोला खरवईच्या पुढं एका भगताकडं घेऊन गेलो. त्यानं लिंबू फिरवलं आणि मला विचारलं, "घरात मेलेल्याचं काय आणलंय का?" मला प्लास्टिक आठवलं. घरी येईपर्यंत मी मागं वळून बघत होतो.

एकच गोष्ट बरी होती. संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसायचो, माझं बोट तिच्या तळहातात द्यायचो, आणि ती ते घट्ट धरायची. एवढं घट्ट की सोडवताना मला दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक उघडावी लागायची. मी आईला बोलायचो, "बघ, बोलत नसली तरी मला सोडवत नाय तिला. प्रेम आहे." लग्नाला दोन वर्षं झालेली, तिनं माझा हात असा कधी धरला नव्हता. मला खरं सांगायचं तर थोडं बरं वाटायचं.

मग तिचा मोठा भाऊ आला, जांभूळहून. पाणी साफ करायच्या प्लँटवर कामाला, शांत माणूस, हातात सायकलच्या क्लिपा. त्यानं बहिणीला बघितलं, बाळाला बघितलं. मग बोलला, "दाजी, बाळाला मी नेतो. माझ्या बायकोच्या अंगावर दूध आहे, आमचा धाकटा पाच महिन्यांचा. आणि हिला ठाण्याला घाला."

आमच्याकडं 'ठाण्याला घाला' बोललं की पत्ता विचारावा लागत नाय. वेड्यांचं मोठं इस्पितळ.

"बाळंतवेड आहे हे," तो बोलला. "आमच्या आत्याला झालं होतं. गेली ती परत आली नाय. पोर तरी वाचवू."

मी बोललो, "दादा, आठ दिवस द्या."

"आठ दिवसांनी येतो. मग दोन्ही कामं करू."

*

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये मॅडमच्या समोर उभा राहिलो. पहिल्यांदाच काय विनोद सुचेना. त्यांना सगळं सांगितलं, शेगडीचं सोडून. त्यांनी विचारलं, "बाळंतपणानंतर लगेच अशी झाली?"

"नाय. महिनाभर चांगली होती."

"मध्ये काही झालं? पडली, ताप, झटका?"

"काय नाय."

बघा. त्या टेबलापाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. तिथं कोणाशी बोलणार? पण त्या दिवशी बोललो.

मॅडमनी चिठ्ठी दिली, मेंदूच्या डॉक्टरच्या नावानं. ते आठवड्यातनं एकदा कल्याणहून उल्हासनगरात येऊन बसायचे. आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढून आणा बोलले. मेव्हणा आठ दिवसांनी आला तो नेमका स्कॅनच्याच सकाळी, म्हणून तोपण बरोबर आला. बाळ त्याच्याच खांद्यावर. त्यानं बाळाची टोपी-दुपटी आणि कपड्यांची पिशवी घरनं भरूनच घेतली होती. म्हणजे इथनं तो परस्पर जांभूळला जाणार होता, हे मला न बोलता कळलं.

स्कॅनवाल्यानं मोठं पाकीट दिलं. मी तिथंच काळी फिल्म ट्यूबलाईटसमोर धरली. मेव्हण्यासमोर जरा छाप पाडावी म्हणून. बघतो तर काय! कडेची नागमोडी पट्टी, माझा राखाडी मालक, ती उजळ! आणि आतला पांढरा कापूस काळपट!

मी काउंटरवर गेलो. "ओ साईं, तुमची फिल्म उलटी धुतलीय. पांढरं काळं आलंय."

पलीकडचा सिंधी टेक्निशियन पान चघळत बोलला, "अरे भाऊ, स्कॅन में ऐसा ही आता है. पांढरा भाग में चरबी होती है ना, इसलिए वो काला दिखता है. कापने में अलग, फोटो में अलग."

"मी दहा वर्षं कापतोय!" पाच वर्षं झाली होती.

"तो मेरी मशीन बीस साल से झूठ बोल रही है, जाओ." मशीन येऊन दोन वर्षं झाली नसतील.

लोक हसले. मेव्हणापण हसला, आणि मला बरं वाटलं. एवढं माझं डोकं. बायको बाकावर ओल्या लुगड्यात बसलेली, आणि माझं लक्ष कोण हसतंय ह्याच्यावर.

डॉक्टरनं फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. मी बोललो, "साहेब, फरक तर एकदम स्वच्छ दिसतोय. राखाडी वेगळं, पांढरं वेगळं."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी कापतो. म्हणजे, मेलेल्यांचे."

"मग ऐका. एवढा स्वच्छ दिसायला नको होता." त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. "आतलं पांढरं जेवढं काळपट असायला हवं त्यापेक्षा जास्त काळं झालंय. आणि दोन्ही बाजूंना सारखं. लकवा असता तर बहुतेक एका बाजूला दिसला असता. हे सगळीकडं एकदम, आतल्या आत."

मग ते उठून बायकोजवळ गेले. तिला बोलले, "तुमचं नाव सांगा." थांबले. मी घड्याळाकडं बघितलं, सेकंदाचा काटा अर्धं वर्तुळ फिरला असेल. तिचे ओठ हलले. नाव आलं. अर्धं, पण आलं. मेव्हणा खुर्चीवरनं उठला.

डॉक्टरनं मग आपलं बोट तिच्या तळहातावरनं हळूच ओढलं. तिनं ते घट्ट धरलं.

माझं बोट धरायची तसंच. तेवढंच घट्ट.

मी बोललो, "साहेब, ती... ती माझंपण धरते."

"ती कुणाचंही धरेल," डॉक्टर बोलले, वाईट बोलायचं म्हणून नाय, सांगायचं म्हणून. त्यांनी मेव्हण्याच्या खांद्यावरच्या पोरीच्या मुठीत दुसरं बोट दिलं. तिनंपण धरलं. "तान्ह्या बाळात ही पकड असतेच. मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग ती दाबून ठेवतो. इथं तो दाब खाली पोचत नाहीये."

एका बाजूला माय, एका बाजूला लेक, दोघींच्या मुठीत डॉक्टरची दोन बोटं. मी आयुष्यात पुष्कळ काय बघितलंय, मुंडक्याला करवत लागताना बघितलंय. असा हादरलो नाय कधी. इतके दिवस मी त्या पकडीला प्रेम बोलत होतो.

डॉक्टर परत खुर्चीत बसले. "हे बाळंतवेड नाही. असं पांढऱ्या भागाचं एका वेळी नुकसान मी धुरानं, गॅसनं बेशुद्ध झालेल्या लोकांत बघितलंय. माणूस शुद्धीवर येतो, दोन-चार आठवडे छान असतो, आणि मग हे सुरू होतं. ह्या कधी बंद खोलीत बेशुद्ध झाल्या होत्या?"

मेव्हणा माझ्याकडं बघत होता.

मला तोंडात तीन-चार विनोद आल्याचं आठवतं. खोटं बोलायची ती माझी रीत. आधी हसवायचं, मग पळायचं. आत्ता हसलो तर बाळ जांभूळला आणि ही ठाण्याला, आणि माझं प्लास्टिक कुणाला कधी कळणार नाय. एवढं सोपं होतं ते.

मी बोललो, "हो साहेब. शेगडी होती. खिडकी मी ठोकली. प्लास्टिकनं. निखारे मी भरले. अंबरनाथच्या दवाखान्यात मी खोटं बोललो."

मेव्हण्यानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हातानं माझ्या कानाखाली दिली. डॉक्टरच्या समोर. आवाज असा की बाहेर बसलेल्यांनी आत डोकावलं. पोरगी रडायला लागली. आणि माझी बायको, तिनं मान वळवली. हळू, खूप हळू. रडण्याकडं. महिन्याभरात पहिल्यांदा.

"आता बसा दोघं," डॉक्टर बोलले. "निखाऱ्याच्या धुरातला विषारी गॅस रक्तातला प्राणवायू हुसकून लावतो. ह्यांचं वरचं राखाडी बऱ्यापैकी शाबूत दिसतंय. विचार तिथं होतो, शब्द तिथं ठरतो. पण एका जागचं दुसऱ्या जागी न्यायचं, पायापर्यंत, जिभेपर्यंत धाडायचं, ते सगळं पांढऱ्यातनं जातं. लांब लांब तंतू आहेत, त्यांच्यावर चरबीचं वेष्टण. त्या वेष्टणाचं नुकसान झालंय."

मेव्हणा बोलला, "म्हणजे टाकी भरलेली आहे. लाईन गेलीय."

"बरोबर."

"दुरुस्त होते?"

"औषध असं खास नाही. पण वेष्टण हळूहळू परत येऊ शकतं. बरेच लोक सुधारतात. कुणी सहा महिन्यांत, कुणी वर्षात. काही पूर्ण सुधारत नाहीत, हेही सांगतो. चालवा, बोलत राहा, उत्तराला वेळ द्या, पाठीला जखमा होऊ देऊ नका. आणि ठाण्याला बिलकुल नाही."

बाहेर आल्यावर मेव्हण्यानं सायकलच्या क्लिपा खिशातनं काढल्या, परत ठेवल्या. कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. बोलला, "बाळ इथंच राहू दे. हिच्यासमोर रडलं पाहिजे ते. माझी बायको येऊन राहील महिनाभर, आमच्या धाकट्याला घेऊन. तुझ्यासाठी नाय येत ती, समजलं?" तोपर्यंत मला 'तुम्ही दाजी' बोलायचा. त्या दिवसापासनं 'तू' झालो. अजून तूच आहे.

*

सोमवारी हॉलमध्ये गेलो. बादलीतला मेंदू मुरला होता, चकत्या काढायच्या होत्या. दोरा सोडला, ट्रेमध्ये ठेवला, सुरी घेतली. हात चालेना. पाच वर्षांत शेकडो चकत्या काढल्या, त्या पांढऱ्यावरनं सुरी न बघता फिरवली. कापूस.

मॅडम आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, ह्या वेळी शेगडीसकट. त्या मला शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी सुरी माझ्या हातातनं घेतली आणि स्वतः चकती काढली. मग बोलल्या, "बघा मामा. ही कडेची राखाडी पट्टी, जाडी किती? तांदळाच्या दाण्याएवढी. आत खोलवर असे राखाडीचे गोळेपण आहेत, इथं, इथं. आणि बाकी हे सगळं पांढरं. एवढं सगळं देह उगाच भरून ठेवेल का? पेशी राखाडीत बसतात. पांढऱ्यात त्यांचे हात आहेत, लांब."

मला आमचा संप आठवला. मागच्या वर्षी आम्ही शिपाई लोक दोन दिवस संपावर होतो. प्रिन्सिपल खुर्चीत, मास्तर खुर्चीत, ऑफिसात हेडक्लार्क खुर्चीत, सगळे हुशार लोक जागच्या जागी. आणि कॉलेज बंद! ह्या टेबलावरचा कागद त्या टेबलावर जाईना. तेव्हा गेटवर उभा राहून मीच ओरडत होतो, आमच्याशिवाय तुमचं अडतंय बघा. आणि संध्याकाळी पोरांना सांगत होतो, पांढरं म्हणजे कापूस. स्वतःच्या जातभाईला ओळखलं नाय मी.

हे मी मॅडमना बोललो. त्या हसल्या नाहीत. बोलल्या, "आता हेच सांगा पोरांना. चहा माझ्यातर्फे."

*

मार्च गेला. मेव्हण्याची बायको महिन्यासाठी आली ती राहिलीच, दोन्ही पोरांना पाजायची आणि आईला सरळ करायची. मी सकाळी कामावर जायच्या आधी बायकोला धरून चाळीच्या टोकापर्यंत न्यायचो. ती घासत चालायची, मी उलटा, तिच्या तोंडाकडं बघत, दोन्ही हात धरून. पोरं माझी नक्कल करायची. एका सुट्टीच्या दिवशी मी उलटा गटारात गेलो. ती तिथंच उभी राहिली, आणि मी कमरेएवढ्या गटारातनं बघत राहिलो, हसते का. नाय हसली. घरी गेलो, कपडे बदलले, जेवलो, आडवा झालो. आणि तेव्हा तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तीन तासांनी! एवढा उशीर लागला, का ती भलत्याच कशाला हसली, कोण जाणे. मी गटारालाच धरून चाललोय.

प्रश्न विचारला की मी मनात शंभरपर्यंत मोजायचो. मला शंभर मोजता येत नव्हते, साठनंतर गोंधळ व्हायचा. तिच्या त्या उत्तरांपायी शिकलो.

पण संध्याकाळी बोट द्यायचो तर ती धरायचीच. तीच पकड. आता मला ती बरी वाटत नव्हती. माझ्या मुलीची पकड मेच्या सुमाराला सुटली, ती आता पाहिजे तेच धरायची, नको ते फेकायची. आईची सुटली नव्हती. मी रोज बघायचो. रोज एकेक बोट उघडायचो.

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. संध्याकाळ होती, पोरगी चटईवर पालथी पडून सरकत दाराकडं निघालेली. मी बायकोजवळ बसलेला, माझं बोट तिच्या मुठीत. पोरगी उंबऱ्यावर पोचली. मी उठायला गेलो, तर बोट अडकलेलं.

मग ते अडकलेलं नव्हतं.

तिनं सोडलं होतं. मी उघडली नव्हती तिची बोटं. तिनं स्वतः, एकेक करून नाय, सगळी एकदम. आणि तोच हात तिनं पुढं केला, पोरीच्या झबल्याचं मागलं टोक पकडलं आणि तिला आत ओढली. मग माझ्याकडं बघितलं. मी मोजायला लागलो. चाळीसला पोचलो असेन.

ती बोलली, "बसलात काय?"

आई आतनं धावत आली, ती जाऊबाईसारखी वागणारी मेव्हण्याची बायको धावत आली, आणि मी तसाच बसून होतो, रिकामं बोट वर धरून. ती पूर्वीसारखी पूर्ण कधी झाली नाय. अजून गर्दीत पाय घासतात, अजून कधी शब्द वाटेत अडतो. अडला की मी गप्प बसतो आणि मोजतो. आता मला हजारपर्यंत येतात.